जेवणाची वेळ छापलेली पत्रिका

निपाणीचे भुजबली आप्पा मगदूम कुणाला चहाला बोलावतानाही असे हात जोडतात, की समोरच्याला वाटावं, यांच्या घरी लग्न निघालंय.

त्यांच्या वर्कशॉपात खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाचे, बुडखे छाटायचं नवं यंत्र तयार झालं होतं. दगड लागला की पातं मोडतं, हे असल्या यंत्रांचं जुनं दुखणं. आप्पांचं पातं स्प्रिंगवर उचलून दगड ओलांडायचं. तिघा मोठ्या डीलरांनी या हंगामाची ऑर्डर दिली तरच वर्कशॉप चालणार होतं, नाहीतर कुलूप. म्हणून बेळगावच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घेतला.

श्रद्धा, त्यांची लेक, म्हणाली, "आप्पा, प्रत्येक डीलरला त्याच्या कामाचं सांगा. चिकोडीच्या नागेंद्र अण्णांकडं मोडक्या पात्यांच्या तक्रारी येतात. त्यांना म्हणा, चार वाजता दगडाच्या रानात चालवून दाखवतो, दोन गिऱ्हाइकं घेऊन या."

"आमंत्रण द्यायचं आणि वर कामबी सांगायचं? पाव्हणा बोलावतोय का गवंडी?"

आप्पांनी सोनेरी काठाची पत्रिका छापली. 'सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे.' घर जैनाचं, त्यामुळे खाली ठळक अक्षरांत: 'भोजन साडेपाच वाजता, सूर्यास्तापूर्वी.' पत्रिका वाचून आप्पांची बायको राजमती आक्का त्यांना म्हणाल्या, "नवरा-नवरी तेवढी राहिलीत बघा!" आप्पा खूश झाले. नारळ घेऊन तिन्ही घरी स्वतः जाऊन आले.

प्रदर्शनाच्या रानात प्रत्येक स्टॉलला ठरलेली वेळ मिळते. आप्पांची चारची होती. यंत्र झकास चाललं, पातं दगडावरून अलगद उड्या मारत गेलं. पाहायला घरची माणसं आणि सावलीला टेकलेले कंग्राळीचे दोन म्हातारे. मग रान पुढच्या स्टॉलवाल्याकडं गेलं.

साडेपाचला तिन्ही डीलर स्टॉलवर जेवायला आले. बायका रेशमी साड्यांत, एकाच्या हातात आहेर. होळीगीवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप पडलं, तारीफ झाली. हात धुताना नागेंद्र अण्णांची नजर कोपऱ्यातल्या यंत्रावर गेली.

"हे काय हो आप्पा?"

आप्पांनी सांगितलं. नागेंद्र अण्णांचा हात नळाखाली तसाच राहिला.

"पातं मोडत न्हाय? अहो, मग सांगायचं न्हाय व्हय! मी शेतकरीच घेऊन आलो असतो. मला वाटलं, तुमच्या घरचं कायतरी मंगल हाय. सकाळीच आम्ही तिघांनी पलीकडच्या स्टॉलवर हंगामाची ऑर्डर दिली की."

आप्पांनी तुपाची वाटी पुढं केली. "आणखी एक होळीगी घ्या," ते म्हणाले.

महिनाअखेर वर्कशॉप बंद करायचं ठरलं. कामगारांना घरी जेवायला बोलवावं, असं आप्पांच्या मनात आलं. श्रद्धा हळूच म्हणाली, "या खेपेला तरी कारण सांगून बोलवा."

आप्पांनी कामगारांना ते कारण हात जोडून सांगितलं. जेवायला कुणी थांबलं नाही.