बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरची वही

"हिचा हात लागला की कॉम्प्युटर मेलाच समजा," असं रणजीतभाऊजी कामगारांसमोर म्हणाले, आणि विजयश्रीच्या मनात जी अढी बसली ती बसलीच. तळवड्यातल्या घरच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर तीच सांभाळायची. नवरा निरंजन मशीनवर, मोठे दीर गिऱ्हाइकांपुढे. आता दीर म्हणत होते, हिला घरी बसवा, पगारी मुलगी ठेवू. अशी हाकलायला काय ती उपटसुंभ होती?

विजयश्री भांडली नाही. तिने एक वही सुरू केली. कॉम्प्युटर बंद पडला की वेळ लिहायची, कोण बसलं होतं, काय चाललं होतं, मग काय केलं, त्याने काय झालं. भाऊजी बसले असताना बंद पडला, की त्यांचं नाव ठळक लिहायची. तेव्हा तिला आतून गार वाटायचं.

हळूहळू एक गोष्ट उघड झाली. बिलं करताना काही होत नव्हतं. मोठं ड्रॉइंग उघडलं की थोड्या वेळाने पडदा काळा, जरा थांबलं की पुन्हा सुरू. मग कोणीही बसलेलं असो. ग्राइंडिंगची धूळ नको म्हणून भाऊजींनीच सीपीयू लाकडी खोक्यात कोंडला होता. तिने एके दिवशी खोक्याचं दार उघडं ठेवून तेच ड्रॉइंग चालवलं. संध्याकाळपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी दार लावलं, बंद पडला. पुन्हा उघडलं, चालला. आत हवाच नव्हती, तापत होता बिचारा. तिन्ही नोंदी तिने तारखेसकट लिहिल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही.

आठवड्याने चाकणच्या कंपनीचे साहेब ऑर्डर देण्याआधी ड्रॉइंग बघायला आले. भाऊजी ऐटीत खुर्चीत बसले. दार विजयश्रीने सकाळीच घट्ट लावलं होतं. ड्रॉइंग फिरवता फिरवता पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. साहेब उठले. "राहू द्या, आम्ही दुसरीकडे बघतो."

ते गेल्यावर भाऊजी तिच्यावर उखडले. तिने वही उघडली आणि त्यांच्या नावाच्या नोंदी एकेक करून, कामगारांना ऐकू जातील अशा वाचल्या. मग खोक्याचं दार उघडलं, थोडं थांबली, तेच ड्रॉइंग लावलं. ते चालतच राहिलं. भाऊजींचा चेहरा पडला होता, आणि तिला मनापासून आनंद झाला.

निरंजनने वही हातात घेतली. पानं उलटता उलटता थांबला.

"हे तर मागच्या आठवड्यातलं आहे. तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आज दार कोणी लावलं?"

खोटं बोलता आलं असतं. "मी," ती म्हणाली.

त्या कामाचा नमुना निरंजनने दोन महिने खपून बनवला होता. त्याने पेन घेतलं, आजची वेळ लिहिली. त्यापुढे, "विजयश्रीने दार लावलं." त्यापुढे, "ऑर्डर गेली." वही तिच्या पुढ्यात ठेवून तो मशीनवर गेला.