चार मिनिटं दहा सेकंद

आमच्या रोह्याच्या शाखेत एडिटिंगला बसणाऱ्या ताईनं मला वाचवलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते फारसं चांगलं नाही.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली. लग्नात लाइट धरता धरता पेणच्या स्टुडिओत एडिटिंगच्या खुर्चीपर्यंत पोचलो. ती खुर्ची जाईल याची धास्ती मला रोज असायची. आणि ताईची कामं गिऱ्हाइकाच्या दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्यांत पास व्हायची. माझी पाच-सहा फेऱ्यांत. ती इथलीच, दुपारी घरी जेवायला जाणारी. गिऱ्हाइकं तिला "ये गो बाय, बस" म्हणायची. मला "ओ एडिटर" म्हणायची. मनात म्हणायचो, ओळखीपाळखीवर चाललंय हिचं. एकदा तिची हार्ड डिस्क बंद पडली तेव्हा मी मनातून खूश झालो होतो. डेटा परत मिळाला हे ऐकून थोडा हिरमुसलोही.

मग हमरापूरचं काम आलं. गणपतीचा कारखाना असलेलं मोठं घर, मुलीच्या लग्नाची फिल्म. मी कच्ची फिल्म तीन तुकडे करून त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकली. कारखान्यात रंगकाम करता करता सगळ्यांनी पाहिली आणि व्हॉइस नोटांचा पाऊस पडला. "ते मधलं गाणं नको." "आत्या दोनदा का दिसते?" काकांनी मात्र नेमकं लिहिलं होतं : चार-दहाला तो म्हातारा माणूस काढा, उगाच मध्ये आलाय.

मी पहिल्या तुकड्यातलं चार-दहा उघडलं. म्हातारे गृहस्थ होते. काढले. काका बोलत होते तिसऱ्या तुकड्यातल्या चार-दहाबद्दल, तिथे मंडपवाला फ्रेममध्ये उभा होता. मी काढले ते मुलीचे आजोबा, आशीर्वाद देताना.

त्या घरून आमच्या स्टुडिओच्या शेठना फोन गेला. शेठ मला एवढंच म्हणाले, "आता एकच फेरी. नायतर काम रोह्याला, आणि तू परत लाइट धर."

रोह्याला. तिच्याकडे! दोन दिवस तो शब्द टोचत राहिला. शेवटी सुट्टीच्या दिवशी पेणहून गाडी पकडली. कासू स्टेशन गेल्यावर वाटलं, उतरून परत जावं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, याचाही मला राग आला.

"तुकडे कशाला केलेस? प्रत्येक तुकडा शून्यापासून मोजतो. अख्खी फिल्म एका लिंकवर दे. चित्राच्या कोपऱ्यात धावती वेळ छाप आणि वर मोठं लिही, ड्राफ्ट दोन."

"ड्राफ्ट कशाला लिहायचा?"

"तू काही काढलंस की पुढच्या सगळ्या वेळा सरकतात ना रे? कोण कुठला ड्राफ्ट बघून बोलतोय ते कळायला नको? आणि त्यांचं बघून होईपर्यंत तू फिल्मला हात लावायचा नाय."

तिनं वही पुढे केली. प्रत्येक ओळीत वेळ, काय खटकलं, काय हवं. शेवटी एक रकाना तिच्या उत्तराचा : झालं, किंवा जमत नाही आणि का. इतकी साधी वही. मला ती फाडावीशी वाटली, कारण ती मला सुचली नव्हती.

"पण त्या घरात बारा तोंडं हाईत," मी म्हणालो. बोली तिचीच उचलली होती, तीही धड नाही.

"मूर्तीचे डोळे बाराजण आखतात काय?"

"नाय. मुलीची काकी एकटीच आखते."

"मग तिलाच धर. बाकीचे तिला सांगतील, भांडायचं ते घरात भांडतील. तुला एकच कागद येईल. तो कधी द्यायचा तो वारही ठरवून दे."

काकीला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजे आखणीच की! रंग कोनी पन मारूदे, डोळा माझा." होती तशीच अख्खी फिल्म, वर ड्राफ्ट दोन लिहून, एका लिंकवर पाठवली आणि रविवारी कागद आला. एकोणीस ओळी, सगळ्यांना वेळ घातलेली. पहिलीच ओळ : ०४:१०, इथे आजोबा होते, परत आणा. आत्या आणि काकांचं गाण्यावरून वाजलं होतं, पण निकाल लावूनच कागद माझ्याकडे आला. सतरा ओळींपुढे मी "झालं" लिहिलं. दोन ओळींपुढे कारण : तो क्षण कॅमेऱ्यात नाही. ड्राफ्ट तीन पाहून काकीनं एकच शब्द पाठवला, "पास".

शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, रोह्याची पद्धत." माझी खुर्ची वाचली होती, तरी ते ऐकून पोटात जळलंच. अजूनही तिचं काम पहिल्या फेरीत पास झालं की जळतं.

पण ताई, तुझ्या घरचं लग्न निघेल तेव्हा फिल्म मी कापणार. वही नको, वेळ लिहू नकोस, तुझ्या अख्ख्या घराला माझ्या मागे बसव आणि हव्या तेवढ्या फेऱ्या काढ. एकही मोजणार नाही.