मापाचा ब्लाउज

ये माय, अशी जवळ ये, कागदावर का होईना. थोडं रागवायचं हाये तुले. पुण्याहून कुर्त्या धाडते, ‘मोठी आई, कशी हायेस’ म्हणून फोन करते, पण मायले डोळ्यानं पाह्याले काऊन येत नाई?

दसऱ्याच्या आधी आम्ही दोघी जावा, तुही माय आन मी, हिंगणघाटले कपडे घ्याले गेलतो. तुह्या मायले कुर्ती नेहमी एल मापाची लागे. त्या दिवशी एका कंपनीचा एम अंगात गेला, बरोबर बसला. आरशासमोर उभी राहून म्हणते, “जाऊबाई, पाहा न, बारीक झाली मी!”

दुकानदार हासला. तिच्या नेहमीच्या कंपनीचा एल आन हा एम, दोन्ही कुर्त्या काउंटरवर पसरल्या, टेप लावला. छाती सारखीच!

“ताई, तुम्ही हायेत तितक्याच हायेत. एम म्हणजे किती, याचं सगळ्यांचं एक माप नाई. हरेक कंपनी आपलं गिऱ्हाईक पाहून माप धरते. कोणी कटच ढिला ठेवते. आन कोणी मुद्दाम मोठ्या कुर्तीवर लहान अक्षर लावते. बाई खुश, कुर्ती खपली.”

“म्हणजे मले फसवलं?”

“फसवलं नाई ताई, मस्का लावला.”

लय हासलो आम्ही. कुर्ती घेतली. पण तेच हासणं पुढं आडवं आलं.

संक्रांतीले तीच कुर्ती तिच्या खांद्यावरून उतरून राह्यली होती. मी टोकलं तर म्हणे, “त्या कंपनीचं मोठंच असते, ऐकलं न तुम्ही.” भाऊजी, म्हणजे तुहे बाबा, तेबी तेच म्हणत. मंग तू धाडलेली आली, तेबी ढिली. “हेबी कंपनीचंच!” साऱ्या घराले एकच उत्तर सापडलं होतं.

दोन कंपन्यांचं माप वेगळं, कबूल. पण तीच कुर्ती कशी वाढली? सुती कापड धुतल्यानं आटते माय, वाढत नाई.

परवा शिंप्याकडे द्याले तिनं मापाचा ब्लाउज काढला. जुना, ज्याच्यावरून तिचे सारे ब्लाउज शिवून येतात तो. त्याच्यावर ना एम, ना एल. म्हटलं, “घालून दाखव.”

“काय चाळे जाऊबाई तुमचे!” म्हणत घातला. जी बाही दंडात रुतायची, तिच्यात माहा पंजा गेला.

ती आरशात पाहत राह्यली. कंपनीचं नाव काढलं नाई. मंग हळूच म्हणे, “पोरीले सांगू नका.”

मी सांगून राह्यली. डॉक्टरनं तपासण्या लिहून देल्ल्या, रिपोर्ट यायचा हाये. काय निघन, मले ठाऊक नाई. ब्लाउज शिंप्याकडे गेलाच नाई, खुंटीवर लटकून हाये. येता-जाता तिकडेच नजर जाते.

आता कुर्ती धाडू नको माय, कोणत्याच कंपनीची. तूच येजो. या रविवारीच येजो.