परीक्षेच्या महिन्यातलं तूप

सातवीच्या फायनलला बसलो त्या साली माझ्याइतका शहाणा अख्ख्या महाडात नव्हता. म्हणजे असं मलाच वाटत होतं. फायनल पास झालो की मास्तरकी मिळणार आणि परीक्षा संपताच पोलादपूरच्या जत्रेत कुस्ती मारणार, असा माझा दुहेरी बेत. आमच्या घरात तोवर कुणाला सहीसुद्धा येत नव्हती. त्या मास्तरकीकडे बाबा डोळे लावून बसले होते.

मी जायचो त्या तालमीचा वस्ताद म्हणजे सगळ्या विद्यांचा बाप! त्यानं फर्मान काढलं, "पोट भरलं की डोळे मिटतात. परीक्षा होईतो एकवेळच जेव. झोप आली की चहा मार. पण जोर-बैठका एकही कमी नाही." हा थोर माणूस स्वतः दुपारी पातेलंभर भात संपवून तालमीच्या दारात घोरत पडायचा. ते रोज बघूनही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

बाबा दर बाजाराच्या दिवशी आमच्या गावाहून, शिवथरहून, महाडात माझ्या खोलीवर चालत यायचे. नाचणीचं पीठ, हरभरे आणि गाडग्यात तूप. "खा रे पोटभर, म्हेनत करतोस." ते गेले की मी सगळं खोलीतल्या सोबत्यापुढं सरकवायचो. तोही तालमीतला, तोही फायनलचा. पण या गड्यानं परीक्षेपुरते जोर निम्म्यावर आणले होते. तूप-भाकरी हाणायची, दिवेलागणीनंतर थोडं वाचायचं आणि खुशाल झोपायचं. मी त्याला रेडा म्हणायचो.

मी मात्र संध्याकाळपासून बाजारातल्या हॉटेलात काळाकुट्ट चहा ढोसायचो. मग पाठ टेकली तरी छाती धडधडायची, डोळा म्हणून लागायचा नाही. पहाटे उपाशीपोटी जोर काढताना डोळ्यांपुढं काजवे. वाचलेलं पान उलटलं की डोक्यातून पुसलं जायचं. त्यावर अस्मादिकांचा उपाय काय, तर आणखी एक कप!

गणिताच्या पेपरालाही चहा पिऊनच बसलो, पोटात अन्नाचा कण नाही. आधी भराभर आकडे मांडत गेलो. मग चहाची तरतरी उतरली आणि मान पडली. मास्तरांनी हलवून उठवलं तेव्हा निम्मा पेपर कोरा होता आणि वेळ संपत आली होती. त्रैराशिक मला चांगलं येत होतं हो!

जत्रेत दोन मिनिटांत धाप लागून चीत झालो. पुढं निकाल लागला. सोबती पास, मी गणितात नापास. वस्ताद म्हणाला, "चहा कमी पडला असेल." गाढव लेकाचा! आणि त्याचं ऐकणारा मी महागाढव.

बाजाराच्या दिवशी बाबा नेहमीसारखे आले. मी सगळं सांगून टाकलं, तूप कुणी खाल्लं तेही. वाटलं, आता थोबाड फोडणार. ते पायरीवर टेकले.

"म्हंजे माज्या तुपावर एक पोर पास झालं," ते म्हणाले. "वाया नाय गेलं."

मग त्यांनी नवं गाडगं माझ्यापुढं ठेवलं आणि मी भाकरी संपवेपर्यंत तिथून उठले नाहीत.