एक्क्याण्णव टक्के

रोज सकाळी दूध तापत ठेवलं की आत्या आदल्या दिवशी लिहिलेलं एक पान मोठ्यानं वाचायची. पाठ ओट्याला टेकलेली, चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. दूध वर येण्याआधी पान संपलं पाहिजे, असा तिचा स्वतःशीच करार होता. जिथे जीभ अडखळेल तिथे ती पेन्सिलीनं बारीक फुली मारायची.

"ताई, दूध बघ. पीएचडी उतू जात नाही," बाबा बाहेरून म्हणायचे. ते तिचे धाकटे भाऊ.

"तुझ्या डोक्यातलं काही उतू जातंय का ते बघ आधी," ती म्हणायची, पण गॅस मात्र बारीक करायची.

आत्या शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवत होती. मुलांना वाचायला कसं शिकवायचं, हा तिचा विषय. पन्नाशी जवळ आल्यावर तिनं पीएचडीला नाव घातलं, आणि प्रबंधासाठी निवडलं तेही तेच: शाळेतल्या मुलांचं मोठ्यानं वाचन. तिचे मार्गदर्शक सर तिच्याहून वयानं लहान होते. ते तिला मॅडम म्हणायचे, ती त्यांना सर. चहा कुणी कुणाला द्यायचा यावरून दोघांची रोज ओढाताण चालायची.

तिची पानं ऐकत मी मोठी झाले. म्हणून एक गोष्ट तेव्हाच जाणवली होती, पण मी ती कुठे बोलले नाही. दुसरं प्रकरण वाचताना आत्या एकदाही अडखळली नव्हती.

प्रबंध विद्यापीठात द्यायचा तर आधी विभागात सादरीकरण करावं लागतं. मग मार्गदर्शक प्रबंधाची फाइल ग्रंथालयाकडे पाठवतात. तिथलं सॉफ्टवेअर ती जगभरच्या मजकुराशी ताडून बघतं आणि किती टक्के जुळतं ते सांगतं. संदर्भसूची आणि अवतरणचिन्हांतला, नीट श्रेय दिलेला मजकूर वगळून दहा टक्क्यांपर्यंत चालतं. त्याच्या वर चाळीसपर्यंत गेलं तर दुरुस्त करून आणा म्हणतात. साठपर्यंत गेलं तर वर्षभर बंदी. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे आकडे विद्यापीठातल्या प्रत्येक संशोधकाला स्वतःच्या रक्तदाबासारखे पाठ असतात.

आणि म्हणूनच विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानात कायम गर्दी असे. दुकानदाराला सगळे टक्केवाले म्हणत. कुठल्याशा कॉलेजाचं त्या सॉफ्टवेअरवरचं खातं त्यांच्या हाती होतं. खरी तपासणी होण्याआधी चोरून टक्के बघायचे तर लोक त्यांच्याकडे जात. आत्याही गेली. मला बरोबर घेऊन गेली आणि दुकानात शिरताना पदर डोक्यावर ओढावा तशी छत्री पुढे धरली. पाऊस नव्हता.

टक्के निघाले सत्तावीस. घरी येऊन तिनं छापील अहवाल उघडला, तर दुसरं प्रकरण जवळजवळ सगळं लाल.

"आजी आजारी होती त्या वर्षी लिहिलेलं आहे ना हे?" मी विचारलं. तिच्यासाठी मी एक वाट मोकळी करून देत होते.

"हो. पुस्तकांतून उतरवून ठेवलं होतं. मग तेच घातलं."

"टिपणं कोणाची ते लक्षात राहिलं नसेल."

"होतं ग लक्षात," ती म्हणाली आणि तिनं अहवाल मिटला.

ती सगळी सुट्टी तिनं ते प्रकरण नव्यानं लिहिण्यात घालवली. सकाळी दुधापाशी फुल्याच फुल्या पडू लागल्या. बाबा वैतागले. मला बरं वाटत होतं. अहवाल तिनं साड्यांच्या कपाटात सर्वांत खाली ठेवला होता.

सादरीकरण छान झालं. सरांनी फाइल ग्रंथालयाला पाठवली. मी त्याच विद्यापीठात एम.ए. करत होते, म्हणून निकाल घ्यायला आत्याबरोबर गेले. सरही आले होते. ग्रंथपाल बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. सगळीकडे एकच रंग.

"एक्क्याण्णव," त्या हळूच म्हणाल्या, कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी तशा. "आणि सगळं एकाच ठिकाणाहून. दुसऱ्या संस्थेत कुणीतरी जमा केलेला लेख. मजकूर मला उघडता येत नाही, नुसतं जुळतंय एवढं दिसतं."

सर उभे होते. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"मॅडम, हे काय आहे?"

आत्याला तेव्हाच कळलं असणार. मला तर लगेच कळलं. पण टक्केवाल्यांचं नाव तिच्या तोंडून निघेना.

"कुणाचा प्रबंध आहे हा?" सरांनी पुन्हा विचारलं.

"माझाच आहे, सर."

"मशीन तसं म्हणत नाही."

ग्रंथपाल बाई पडद्याकडे बघत राहिल्या. हे प्रकरण आता विभागाच्या समितीपुढे जाईल, असं त्या म्हणाल्या, आणि उगीचच टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. परतताना आत्याची एक विद्यार्थिनी जिन्यात भेटली. "बाई, झालं का सबमिशन?" तिनं हसत विचारलं. आत्या "होतंय" म्हणाली आणि कठड्याला धरून उतरू लागली. एरवी ती कठड्याला हात लावत नसे.

आम्ही थेट दुकानात गेलो. टक्केवाल्यांनी ऐकून घेतलं आणि मान खाजवली.

"बाई, फाइल साठवू नये अशी खूण करायची असते. ती राहून गेली असेल."

"असेल?"

"गर्दीत राहते. तुमचाच मजकूर सॉफ्टवेअरनं जपून ठेवला, आता तोच तुमच्या आडवा आला."

"तसं लिहून द्या मला."

"माझं नाव कुठे नको हो. ते खातं तरी कुठे माझं आहे?"

आत्या भांडली नाही. तीही इथे चोरूनच आली होती.

रात्री जेवताना बाबांनी उपाय काढला. "ताई, तो जुना अहवाल आहे ना? पहिल्या पानावर तुझं नाव, प्रबंधाचं शीर्षक, तारीख, सगळं छापलंय. तेवढं पान दाखव. फाइल तुझीच होती हे सिद्ध होतंय. विषय संपला."

"आणि बाकीची पानं?"

"बाकीची कशाला काढायची? विचारली तर हरवली म्हणायचं."

आत्या ताट उचलून उठली. नंतर तिच्या खोलीत गेले तर ती पलंगावर बसली होती, पहिलं पान वेगळं, बाकीचा गठ्ठा वेगळा. मला बघून तिनं पुस्तकाखाली सरकवलं ते पहिलं पान नव्हे, गठ्ठा. मी पाणी ठेवलं आणि निघून आले. पुढचे काही दिवस सकाळी ओट्याशी कुणी वाचलं नाही. दूध दोनदा उतू गेलं.

समितीच्या दिवशी ती पूर्ण अहवाल घेऊन निघाली. टाचणी नवीन होती.

मी बाहेरच्या बाकावर बसले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या काय घडलं ते सांगत होती, दुकानासकट. आवाज वर्गात असतो तसा नव्हता. मग पानं उलटल्याचा आवाज आला. अध्यक्ष म्हणाले, "तारीख आणि शीर्षक जुळतंय. जुळलेला लेख तुमचाच कच्चा खर्डा आहे, हे मान्य करायला हरकत दिसत नाही."

मला वाटलं, सुटलो. पण पानं अजून उलटत होती, आणि मग सरांचा आवाज आला.

"मॅडम, हा परिच्छेद तुम्ही मला वाचून दाखवला होता."

"हो, सर."

"मी छान म्हणालो होतो."

"हो."

"मी माझ्या वर्गात सांगितला होता. तुमच्या नावानं."

मी बाकाच्या कडेची एक ढलपी नखानं काढत राहिले. आत्या काहीतरी म्हणाली, इतकं हळू की अध्यक्षांना पुन्हा विचारावं लागलं.

"तुमचं कौतुक मी ठेवून घेतलं, सर. ते परत द्यायला हवं होतं."

समिती कच्च्या खर्ड्यावर शिक्षा करत नाही. जो प्रबंध दाखल होतो त्याचाच विचार होतो. ठराव झाला की तो एक स्रोत वगळून पुन्हा तपासा. ग्रंथपाल बाईंनी तपासलं. सात टक्के. त्यांनी मनापासून हसून प्रमाणपत्र सहीसाठी पुढे केलं.

"थांबा," आत्या म्हणाली. "दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद आहे. शब्द बदललेत, पण म्हणणं माझं नाही, आणि श्रेय दिलेलं नाही."

"अहो, दहाच्या आत आहे," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "आता एक ओळ बदललीत तरी पुन्हा तपासावं लागेल. ज्या फाइलचं प्रमाणपत्र, तीच दाखल व्हायला हवी."

"पुन्हा तपासा."

"मॅडम, मुदत संपत आलीय," सर म्हणाले. समितीनंतर ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलले.

"आज संध्याकाळी देते, सर."

तिनं दिलं. प्रबंध मुदतीत दाखल झाला. त्यानंतर सुरू होतं ते वाट बघणं. परीक्षकांच्या नावांची यादी सर बंद पाकिटातून देतात, त्यातून वरचे लोक निवडतात, आणि प्रबंध कुणाकडे गेला हे संशोधकाला कळू देत नाहीत. एकाचा अनुकूल अहवाल लवकर आला. दुसऱ्यांना परीक्षा विभागानं स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवली. दोन्ही अहवाल आल्याशिवाय मौखिक परीक्षेची तारीख ठरत नाही. "लग्नाची बोलणी बरी," बाबा म्हणायचे, "तिथे निदान मुलगा कोण ते माहीत असतं."

दुसरा अहवालही अनुकूल आला, तेव्हा सरांनी बाहेरच्या परीक्षकांना विचारून तारीख घेतली. सूचना फलकावर लागली. मग त्या परीक्षकांनाच दुसरीकडे परीक्षेचं काम निघालं आणि सूचना बदलली. मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्न विचारू शकतं. आत्याला भीती परीक्षकांची नव्हती, मागच्या खुर्च्यांची होती. समितीतली गोष्ट एव्हाना सगळ्या विभागाला माहीत होती.

नव्या तारखेच्या सकाळी तिनं पुष्कळ दिवसांनी ओट्याला पाठ टेकवून वाचलं. दुसऱ्या प्रकरणाचं पान होतं. ती चारदा अडखळली. फुल्या मारल्या नाहीत, आता उपयोग नव्हता.

विभागात, परीक्षेच्या खोलीच्या दाराबाहेर सर उभे होते. चहाचे दोन कप त्यांच्या हातात होते. एक त्यांनी पुढे केला. आत्यानं या वेळी ओढाताण केली नाही, घेतला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. आतल्या खुर्च्या भरल्या होत्या. मागच्या रांगेत तिची ती जिन्यातली विद्यार्थिनी होती.

आत्यानं कप माझ्याकडे दिला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन पावलं आत गेली आणि वळली.

"दूध फ्रिजमध्ये ठेवलंस ना ग?"