किल्लीवाल्या काकांचा अडलेला वायफाय

किल्लीवाले काका ज्या जागेला दुकान म्हणत, तिला बाकीचे लोक जिन्याखालची खोबण म्हणत. पाच पायऱ्या उतरून खाली गेलं की एक फळी, किल्ली कापायचं मशीन, एक स्टूल, आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या. स्टूल एकच असल्यामुळे गिऱ्हाईक पायरीवरच उभं राही. काकांना आधी त्याचे गुडघे दिसत आणि मग आवाज ऐकू येई. चौतीस वर्षांत त्यांनी अर्धं गाव गुडघ्यांवरून ओळखायला शिकून घेतलं होतं.

धंद्यात त्यांचे दोनच नियम होते. एक, किल्ली फेकायची नाही. आज लागत नसली तरी थोडी कानस मारली की उद्या कुठेतरी लागतेच. दुसरा, एकाच्या कुलपाची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायची नाही. या दुसऱ्या नियमापायी त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याशी दीड वर्ष अबोला धरला होता. मेव्हण्याने फक्त एवढंच विचारलं होतं की शेजाऱ्याच्या कपाटाला कुलूप कुठल्या जातीचं आहे.

ही सगळी विद्या त्यांनी एकाच माणसाला दिली, आपल्या भाचीला. सहा वर्षं ती या खोबणीत मान वाकवून शिकली आणि आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावी स्वतःची पाटी लावून बसली. लोक यायचे, तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठे गेलेत?"

ती म्हणायची, "समोर उभे आहेत."

मग लोक हसून निघून जायचे. कामं येत, पण सायकलच्या कुलपांची. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला तिजोरी मिळाली होती.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला, साधाच, व्हिडिओ नाही.

"मामा, एका ग्रंथालयाच्या ऑफिसात आहे. जुनी लोखंडी तिजोरी. किल्ली मूळचीच आहे, पण अर्धी फिरते आणि थांबते. तेल घातलं, दात तपासले, सगळं केलं."

"जोर लावू नकोस."

"नाही लावत. पण इथल्या साहेबांनी ड्रिलवाल्याला बोलावून ठेवलंय. तो पाच वाजता येणार. तोवर नाही उघडली तर दाराला भोक पाडणार. आणि मामा, मग गावभर एकच होईल, की बाईला बोलावलं आणि तिजोरी फोडावी लागली. तुम्ही बघा ना जरा. व्हिडिओ लावते."

"लाव की," काका ऐटीत म्हणाले.

व्हिडिओ काही लागेना. काकांच्या सिमवर नुसतं बोलायची सोय होती. इंटरनेट त्यांनी कधी घेतलंच नव्हतं, कारण वर रस्त्यालगत झेरॉक्सवाल्या ताईंचं दुकान होतं आणि त्यांचा वायफाय जिन्यातून अलगद खाली झिरपत असे. ताईंनीच फोन जोडून दिला होता. काका त्याबदल्यात त्यांचं शटर वर्षातून दोनदा तेल घालून देत.

पण त्या दिवशी सकाळीच ताईंनी पासवर्ड बदलला होता. पायऱ्यांवर बसून फुकट सिनेमे बघणाऱ्या पोरांमुळे त्यांचं छपाईचं काम रखडत होतं. त्यांनी काकांना नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, सहा अक्षरं आणि चार आकडे. काकांनी तो कानशीने चपटा झालेल्या अंगठ्याने एकेक दाबत फोनमध्ये घातला. फोन म्हणाला, 'पासवर्ड तपासा'. तेवढ्यात पायरीवर दोन गुडघे येऊन थांबले, म्हणून काका "तपासतो, तपासतो" म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात टाकला.

आता त्यांनी फोन बाहेर काढून ताईंच्या वायफायच्या नावावर बोट ठेवलं. नावाखाली 'जतन केले' असं लिहिलेलं होतं. 'कनेक्ट करा' होतं, ते दाबलं. गोल फिरलं, फिरलं, आणि फोन पुन्हा म्हणाला, 'पासवर्ड तपासा'. पण तपासायला पासवर्ड दाखवीना, नवा लिहायला जागाही देईना. काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

काकांनी धंद्याप्रमाणे विचार केला. किल्ली फिरत नाही म्हणजे कुलूप जाम आहे. त्यांनी फोन बंद करून चालू केला. मग पाच पायऱ्या चढून ताईंच्या दुकानात गेले आणि कुणाला न विचारता राउटरचं बटण बंद केलं.

दुकानात अर्ज छापून घ्यायला आठ माणसं उभी होती. आठही माणसं एकदम "अहो!" म्हणाली.

"काका! काय करताय?" ताई काउंटरवरून ओरडल्या.

"जरा मोकळं करतोय. जाम झालंय."

"काही जाम झालेलं नाही! माझा कॉम्प्युटर चाललाय, माझा फोन चाललाय. आता दोन मिनिटं सगळे थांबा, काकांनी कुलपात तेल घातलंय."

राउटर उठून बसला. काकांचा फोन मात्र ढिम्म. साडेचार वाजून गेले. काकांनी फोन राउटरला चिकटवून धरला, मग हात वर करून धरला, मग रांगेतल्या एका गृहस्थाच्या खांद्यावर ठेवून पाहिला.

"इकडून बोला ना," ताईंनी आपला फोन पुढे केला. "पाच मिनिटांत द्या फक्त, लोकांचे कागद याच्यावर येतात."

काकांनी फोनकडे असं पाहिलं, जणू कुणी त्यांना दुसऱ्याच्या ताटात जेवायला बसवलंय. "गिऱ्हाइकाच्या तिजोरीचं पोट तुमच्या फोनात दाखवू? या आठ जणांसमोर? नाही जमायचं ताई."

आठ जणांपैकी जे ऐकत नव्हते, तेही आता ऐकू लागले.

"मग निदान नीट सांगा," ताई म्हणाल्या. "तो पासवर्ड मागतोय का?"

"मागतच नाही! तेच तर. मागितला तर देईन ना."

"म्हणजे सकाळी तुम्ही काहीतरी चुकीचं घातलंत आणि त्याने तेच जतन करून ठेवलंय. आता दरवेळी तेच पुढे करतोय. त्याला ते नेटवर्क विसरायला लावा."

"विसरायला? एक तर लागत नाहीये, त्यात विसरू पण देऊ? थोडं थोडं करून बसेल की."

"ती किल्ली नाहीये काका, कानस मारून बसायला. दहातलं एक अक्षर चुकलं तरी सगळंच चुकलं."

"आणि विसरताना माझे फोटो गेले? नंबर गेले? पोरीचा नंबर त्यातच आहे."

"काही जात नाही. या एका वायफायचा पासवर्ड तेवढा पुसतो. बाकी सगळं जागच्या जागी."

काका मान हलवत राहिले. जतन केलेली वस्तू आपल्या हाताने टाकायची, हे त्यांना पटेना. तेवढ्यात भाचीचा साधा फोन पुन्हा वाजला.

"मामा, पावणेपाच झाले. ड्रिलवाला लवकरच आला. बाहेर वायर सोडतोय. काय झालंय तुमच्याकडे?"

"सकाळचा चुकलेला पासवर्ड फोनने गिळून ठेवलाय. ताई म्हणतात विसरायला लाव. मी म्हणतो, आहे ते कशाला..."

मग भाची एकेक शब्द चावत म्हणाली, "मामा. कुलपात मोडकी किल्ली अडकली असेल तर तुम्ही नवी वरून ठोकता का?"

"खुळी आहेस का? आधी मोडकी बाहेर काढ..."

काका थांबले. रांगेतल्या एका माणसाने "हां" असा दीर्घ उद्गार काढला. त्याचंही बहुधा काहीतरी कुठेतरी अडकलेलं होतं.

"ठेव फोन," काका म्हणाले आणि पाच पायऱ्या तीन ढांगांत उतरले.

खोबणीत येऊन त्यांनी वायफायच्या नावावर बोट दाबून धरलं. 'विसरा' आलं. डोळे मिटून दाबलं. डोळे उघडले तर नाव यादीत होतंच, फक्त खालचं 'जतन केले' नाहीसं झालं होतं. घाबरून त्यांनी आधी नंबर पाहिले, सगळे होते. मग नावाला हात लावला आणि फोनने आज सकाळनंतर पहिल्यांदा अदबीने पासवर्ड मागितला.

"ताई! मागतोय!" ते खालून ओरडले.

"मग द्या! आणि बाजूला डोळ्याचं चित्र आहे ते दाबा, म्हणजे लिहिलेलं दिसेल!"

काकांनी चिठ्ठी मशीनच्या दिव्याखाली धरली. या वेळी अंगठा नाही, करंगळी वापरली. चौथं अक्षर दाबलं आणि शेजारचंच उमटलेलं दिसलं. सकाळीही हेच झालं असणार. ते खोडून पुन्हा लिहिलं, दहाही चिठ्ठीशी ताडून पाहिली आणि 'कनेक्ट करा' दाबलं. गोल फिरलं आणि थांबलं. 'कनेक्ट झाले'.

व्हिडिओ लागला तेव्हा पाचला आठ मिनिटं कमी होती. काकांनी पायऱ्यांकडे पाठ केली, फोन छातीशी धरला आणि तिजोरी पाहिली. भाची गुडघ्यांवर बसली होती. किल्लीवरचा तिचा हात अगदी बरोबर होता, हलका. पण तिच्या डोक्यावरून आणखी एक हात आत आला होता आणि तिजोरीची मूठ खाली ओढून धरत होता.

"तो हात कुणाचा?"

"साहेबांचा. मदत करताहेत. मघापासून धरून उभे आहेत बिचारे."

"साहेबांना म्हणावं, आधी सोडा."

"म्हणजे?"

"अगं, मूठ ओढली की आतले दांडे किल्लीच्या कुलपावर येऊन रेटतात. मग किल्ली कशी फिरेल? मूठ सैल सोड, दार खांद्याने आत दाब आणि मग फिरव."

भाचीने मान वर करून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात असा झटकन काढला, जणू मूठ तापली होती. तिने खांदा दाराला लावला. किल्ली अर्ध्यावर आली, अडखळली आणि पुढे गेली. खट्ट असा जाड आवाज झाला. तो काकांना फोनमधून ऐकू आला की चौतीस वर्षांच्या सवयीने आधीच, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग तिने मूठ ओढली आणि दार उघडलं.

"तरी मी म्हणत होतो," साहेब म्हणाले. ते काय म्हणत होते, हे कुणी विचारलं नाही.

ड्रिलवाला दारात येऊन उभा होता. वायर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "मलाही अशा तिजोऱ्या येतात. भोक न पाडता उघडल्या तर गिऱ्हाईक खूश होईल. फोनमधल्या मिस्त्रींचा नंबर देता का?"

काकांनी तोंड उघडलं. नंबर त्यांना पाठ होता.

"त्यांचा कशाला?" भाची उठून गुडघे झटकत म्हणाली. "तिजोरी मी उघडली. माझा लिहा."

आणि ती आपला नंबर सांगू लागली, एकेक आकडा सावकाश, साहेबांनाही ऐकू जाईल असा. काकांनी उघडलेलं तोंड मिटलं, ते आवाज न करता हसले आणि तिचं सांगून पुरं होईपर्यंत फोन तसाच धरून बसले.