सुग्रीव सर आणि मैदानातली गाय

सुग्रीव सरांच्या गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर खताच्या पिशवीपासून शिवलेली थैली नसेल, तर मी त्यांना रस्त्यात ओळखणार नाही. बुटके, पोट सुटलेले, चालताना डाव्या पायाने किंचित लंगडणारे. हा माणूस बावीस वर्षे कॉलेजचा क्रीडा संचालक आहे, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. मी त्यांना छावणीवरचा मुकादम समजून "गाय कुठं बांधायची?" असे विचारले होते.

त्यात माझी फारशी चूक नव्हती. २०१९चा उन्हाळा होता. बिंदुसरेच्या धरणात चिखल उरला होता आणि सहकारी साखर कारखान्याने आपल्याच शिक्षण संस्थेच्या कॉलेजच्या मैदानावर चारा छावणी उघडली होती. साडेचारशे जनावरे, त्यांचे मालक, बाजा, चुली. आमच्या सासूबाई मल्लम्मा पालीहून आमची गाय घेऊन तिथेच मुक्कामाला होत्या. त्या सगळ्या शेणामुताच्या पसाऱ्यात एका कोपऱ्यात मात्र दोन खांब रोवलेले होते आणि त्यांच्यामध्ये राखेने आखलेले खो-खोचे मैदान होते. चुना संपल्यावर सरांनी छावणीतल्या चुलींची राख चाळून वापरली होती.

"चेअरमनसाहेबांना म्हणलं, सगळं रान तुमचं," सर सांगत. "सत्तावीस बाय सोळा मीटर तेवढं माझं. तिथं एक शेळी जरी बांधली तर मी शिट्टी टाकून घरी."

आमची शिवलीला बारावी झाली होती आणि तिला बीसीएला जायचे होते. ती तुकडी विनाअनुदानित, म्हणजे फी सगळी आपल्याच खिशातून. माझ्या यजमानांचे, गुरुलिंगचे, पालीच्या फाट्यावर खते-बियाण्यांचे दुकान. ज्या वर्षी कुणी पेरतच नाही, त्या वर्षी त्या दुकानात माशाही येत नाहीत. ते म्हणाले, "खेळाडूंच्या कोट्यातून बघ. फीत सवलत मिळाली तर पोरगी शिकंल, न्हाईतर एक वर्ष थांबंल." थांबलेल्या वर्षाचे पुढे काय होते, हे मी माझ्या दोन मावसबहिणींकडे पाहून शिकले होते. म्हणून मी सगळी प्रमाणपत्रे काढली, बीडला जाऊन एक न् एक लॅमिनेट करून आणली आणि छान फाईल केली.

सरांनी फाईल उघडली ती लिंबाच्या झाडाखाली, एका गव्हाणीच्या काठावर बसून. सगळ्यात वर मी 'भव्य राज्यस्तरीय सहकार चषक' ठेवला होता. सोनेरी अक्षरे, दोन नेत्यांचे फोटो.

"हे कुणी भरवलं होतं?"

"कारखान्याने. पण सर, राज्यस्तरीय लिहिलंय."

"बाई, वरती मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते छापखानावाला ठरवतो. प्रमाणपत्राची पातळी खालच्या सहीवरून ठरती. उद्या मी माझ्या गल्लीत आंतरराष्ट्रीय विटीदांडू भरवीन." आणि त्यांनी ते बाजूला ठेवले. "खेळ विद्यापीठाच्या यादीत पायजे आणि स्पर्धा मान्यताप्राप्त पायजे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. या शिडीवरचं काय हाय?"

शाळेचा संघ जिल्ह्यात पहिला आला होता, म्हणून विभागाला गेला आणि तिथे पहिल्याच सामन्यात हरला. ती दोन प्रमाणपत्रे फाईलच्या तळाशी होती, कारण त्यांच्यावर एकाही नेत्याचा फोटो नव्हता.

"हे!" सर म्हणाले. "विभागीय सहभाग. आमच्या कॉलेजात राज्याला खेळलेल्याला ट्यूशन फी पूर्ण माफ, विभागाला खेळलेल्याला निम्मी. जिल्ह्यापर्यंतच असंल तर कोट्यातली जागा मिळती, सवलत न्हाई. परीक्षा फी, विद्यापीठाची फी सगळ्यांनाच भरावी लागती. आणि चाचणीत बसली नाही तर कशाचाच उपयोग न्हाई." मग त्यांनी प्रमाणपत्र उलटे केले, थैलीतून लाल पेन काढला आणि मागच्या बाजूला टेकवला. पेन घसरला. पुन्हा टेकवला. पुन्हा घसरला.

"हे काय केलंत बाई?"

"खराब होऊ नये म्हणून..."

सरांनी डोळे मिटले. मग त्यांनी मला एका पैलवानाची गोष्ट सांगितली. त्याने एकाच प्रमाणपत्रावर दोन कॉलेजांत सवलत घेतली होती. आंतरमहाविद्यालयीन कुस्तीच्या दिवशी दोन्ही कॉलेजांचे सर त्याला शोधत होते आणि तो तिसऱ्याच गावी जत्रेच्या फडात नारळावरच्या कुस्त्या खेळत होता. तेव्हापासून मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर 'प्रवेशासाठी वापरले' असे लाल शाईने लिहिल्याशिवाय सर नाव चाचणीच्या यादीत घेत नसत.

"आता?"

"आता जिल्हा क्रीडा कार्यालयात जावा. त्यांच्याकडं संघाची यादी आसती. हिचं नाव त्या यादीत हाय, असं पडताळणीचं पत्र आणा. पडताळणी तशीबी लागतीच. मी त्या पत्रावर लिहितो. चाचणी सोमवारी हाय." तो शुक्रवार होता. "आणि बाई, त्या पत्राला प्लास्टिक लावू नका."

मी धावतपळत गेले. कार्यालयातल्या लिपिकाने दोन वर्षांपूर्वीची फाईल काढली आणि बोट फिरवत बारा नावे वाचली. आमचे नाव अकरावे निघाले. दहाव्या नावापर्यंत मी श्वास घेतला नव्हता. संध्याकाळी पाच वाजता पत्र हातात पडले, ते मी पदराखाली धरून आणले.

सोमवारी मुलींच्या खो-खोसाठी दोन जागा होत्या. निवड समितीत तिघे होते : सुग्रीव सर, प्राचार्यांच्या वतीने एक बाई, आणि शेजारच्या कॉलेजचे एक सर तज्ज्ञ म्हणून. प्रमाणपत्राला चाळीस गुण, चाचणीला साठ. राज्यस्तरावर खेळलेल्या एका मुलीने पहिली जागा दुपारच्या आतच घेतल्यात जमा होती. दुसरीसाठी आमची शिवलीला आणि मांजरसुंब्याची एक उंच मुलगी. प्रमाणपत्र दोघींचेही विभागाचे. तीस मीटर धावणे, उभी लांब उडी आणि खांबावरची झेप झाली तेव्हा दोघींचे गुण सारखे होते. राहिले फक्त पळतीचे. समोर नऊ जणी पाठलागाला, मध्ये एकटीने किती वेळ टिकायचे.

मांजरसुंब्याची मुलगी एक मिनिट एकतीस सेकंद टिकली. मी ग्लुकोजचे पाणी लेकीऐवजी स्वतःच प्यायले.

शिवलीला पळायला लागली. छावणीतले लोक गव्हाणींवर उभे राहून बघत होते. तिने दोन्ही खांबांना वळसा घातला, बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत साखळी केली, एकीला हूल दिली. आणि तेवढ्यात आमची गाय, गळ्यात तुटकं दावं घेऊन, थेट मैदानात आली. लेकीला ओळखून तिच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हंबरली.

शिट्टी वाजली. "घड्याळ थांबवा!"

"एक मिनिट बावीस," तज्ज्ञ सर म्हणाले.

मांजरसुंब्याच्या मुलीचे मामा, सर्जेराव, धोतराचा सोगा सावरत पुढे आले. "हे सरळ सरळ कारस्थान हाय! पोरीला दम खायला वेळ मिळावा म्हणून म्हातारीनं गाय सोडली!"

मल्लम्मा बाजेवरून उठल्या. "ऐ मामा! गाईला काय ठाव तुझ्या भाचीचं घड्याळ? दावं कुजलंय. छावणीनं दिलेलं दावं हाय ते. जा, चेअरमनला इचार!"

"मग बरोबर त्याच टायमाला कावून सुटली?"

"तुझं भाषण ऐकून सुटली आसंल. ती शाणी हाय."

लोक हसले. "सर, एक मिनिट बावीसपासून पुढे मोजा," मी म्हणाले. "तिचा काय दोष?"

सुग्रीव सरांनी तुटलेले दावे हातात घेऊन बघितले. टोके चोळली. धागे पिंजलेले होते, कापलेले नव्हते. ते त्यांनी सर्जेरावांच्या हातात दिले.

"दावं कुजलेलंच हाय. पण पुढून मोजायचं न्हाई," ते म्हणाले. "पोरीनं दम खाल्ला, ही गोष्ट खरीच हाय. पाच मिनिटं विश्रांती आणि पुन्हा शून्यापासून."

त्या क्षणी मला तो माणूस अतिशय दुष्ट वाटला. सर्जेरावांनाही वाटला असावा, कारण तेही ओरडले, "पुन्हा कावून? बाद करा!" दोन्ही बाजू एकाच वेळी चिडल्यावर सरांचा चेहरा एकदम खुलला. नंतर कळले की हीच त्यांची कसोटी. दोन्हीकडून शिव्या आल्या की निर्णय बरोबर.

मल्लम्मांनी गाईच्या गळ्यात हात टाकून तिला खाली बसवले आणि स्वतः तिच्यावर रेलल्या. "आता आम्ही दोघी बी हलत न्हाई," त्या म्हणाल्या.

शिवलीला पुन्हा उतरली. मी बघितलेच नाही. लिंबाच्या खोडाकडे तोंड करून मी सेकंद मोजत होते, आणि माझे सेकंद घड्याळापेक्षा बरेच लहान असावेत, कारण माझे दोनशे झाले तेव्हा तज्ज्ञ सरांनी आवाज दिला, "बाद! एक मिनिट अडतीस!"

सात सेकंद. सर्जेरावांनी दावे खाली टाकले, मग वाकून उचलले आणि मल्लम्मांना नेऊन दिले. "घ्या. गाठ मारून वापरा," म्हणाले.

संध्याकाळी हमीपत्र पुढे आले. मी एकेक ओळ वाचली. सकाळी सहाला सराव. वर्गात पंचाहत्तर टक्के हजेरी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेजकडून खेळणे बंधनकारक. परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाकडून खेळायचे नाही. विनाकारण गैरहजर राहिल्यास सवलत रद्द, पूर्ण फी वसूल. दरवर्षी कामगिरी बघून नूतनीकरण. खाली विद्यार्थिनीची सही, तिच्याखाली पालकाची.

"स्पर्धा परगावी असली तर मुक्काम?" मी विचारले. "सोबत कोण? जेवण? पोरगी आजारी पडली तर?"

"संघव्यवस्थापक म्हणून बाई जातात. जेवण कॉलेजचं. आजारी पडली तर डॉक्टरचा कागद. बाई, तुमच्याइतके प्रश्न तर विद्यापीठ बी इचारत न्हाई."

माझ्या मागून मल्लम्मा वाकून बघत होत्या. "फी निम्मीच सोडली ना? मग पोरगी बी निम्मीच तुमची. निम्मी आमच्याकडं. लग्नकार्याला, दिवाळीला."

सरांनी लाल पेनाचे टोपण काढत गंभीरपणे विचार केला.

"निम्मी चालंल आजी. पण पायाकडची."

मी सही केली. सरांनी पडताळणीच्या पत्राच्या पाठीवर, चाचणीआधी लिहिलेल्या ओळीखाली, लाल शाईने 'निम्मी सवलत दिली' असे लिहिले आणि ते वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

सप्टेंबरात अंबाजोगाईला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ठरली. त्याच दिवशी गुरुलिंगच्या चुलतभावाचा साखरपुडा. घरात दोन दिवस हमीपत्राची घडी उघडत-मिटत राहिली. तिसऱ्या दिवशी मल्लम्माच म्हणाल्या, "साखरपुड्याला वरची निम्मी लागती. पण पायच तिकडं गेल्यावर ती काय करणार हितं बसून? जाऊ द्या सगळीच."

पहाटे पाचला कॉलेजच्या फाटकापाशी जीप उभी होती. छावणी उठली होती, मैदानावर शेणाचे वाळलेले गोल तेवढे राहिले होते. सर थैलीतून यादी काढून हजेरी घेत होते. मी डबा, औषधे, स्वेटर आणि छत्री घेऊन उभी होते. त्या वर्षी छत्री कशाला, हे मला आजही सांगता येत नाही.

"शिवलीला," सरांनी हाक मारली आणि यादीवरून नजर वर केली. "किती हजर?"

"पूर्ण, सर."

सरांनी बरोबरची खूण केली. मग माझ्या हातातली छत्री काढून घेतली, थैलीत टाकली आणि म्हणाले, "बाई, आता तुमी घरी जावा. तुमची चाचणी संपली."